पाटलांचा नंबर कितवा?

पदवीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश आटोपले की कॉलेजच्या ऑफिसातून कॉम्प्युटर विभागाकडे एक एक्सेल शीट येते. तिच्यात हजारभर नावं असतात, बहुतेक वेळा मार्कशीटवर असतात तशी: आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. कधी शेवटी आईचंही. सोबत एका ओळीचा निरोप असतो, ‘सोमवारपर्यंत सगळ्यांचे लॉगिन तयार करून द्या.’ प्रत्येकाला एक युजरनेम हवं, ते त्याच्या नावावरूनच ओळखू यावं आणि दुसऱ्या कोणाचं तेच नसावं. ऐकायला हे काम तासाभराचं वाटतं. नियमही सोपा असतो: नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे आडनाव, सगळं लहान इंग्रजी लिपीत. स्नेहा पाटील झाली `spatil`. तिच्या खालच्या ओळीत संकेत पाटील आहे, त्याचंही `spatil` होतं, म्हणून त्याला द्यायचं `spatil2`. पुढच्याला `spatil3`. झालं काम.

हा नंबर कसा ठरवायचा, एवढ्याच एका गोष्टीवर पुढची तीन वर्षं लॅबमधली शांतता अवलंबून असते.

नावावरून लॉगिन बनवायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स तयार झालं तेव्हा ते वापरणारी माणसं मोजकी होती. केन थॉम्प्सन नुसता `ken`, डेनिस मॅकॅलिस्टर रिची `dmr`, ब्रायन विल्सन कर्निघन `bwk`. तीन आद्याक्षरांत काम भागत होतं. आपल्याकडेही ते भागेल असं वाटेल, कारण मराठी माणसाला नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तीन आद्याक्षरं आयतीच मिळतात. पण महेश अनंत नाईक नावाचा मुलगा आला की त्याचं होतं `man`, आणि डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत `man` नावाचा एक वापरकर्ता यंत्रणेने स्वतःसाठी आधीच करून ठेवलेला असतो. सुनील यशवंत सावंत `sys` होतात, तोही तिथे हजर असतो. म्हणून कामाला लागण्याआधी ‘घेतलेली नावं’ अशी एक यादी करून तिच्यात `root`, `admin`, `man`, `sys` वगैरे मंडळी घालून ठेवावी लागतात. मेलचा पत्ताही याच नावाने निघणार असेल तर `postmaster`, `webmaster`, `abuse` हीसुद्धा. ही नावं कुठल्या कामाला राखायची हे १९९७ सालीच इंटरनेटच्या एका मानकात लिहून ठेवलेलं आहे.

नंबरकडे वळण्याआधी नावं साफ करावी लागतात, आणि इथे माणसाला जे सारखं दिसतं ते यंत्राला सारखं दिसत नाही. एक्सेलमध्ये कोणीतरी ‘Patil’ लिहून पुढे चुकून एक स्पेस दिलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण प्रोग्रामच्या लेखी ‘Patil’ आणि ‘Patil ’ ही दोन वेगळी आडनावं ठरतात. मग दोघींनाही नंबराशिवाय `spatil` देऊन प्रोग्राम मोकळा होतो आणि भांडण पुढे लॉगिनच्या पडद्यावर निघतं. गोव्याकडचा डिसोझा आला की D आणि S यांच्या मध्ये वर एक टिंब येतं. तेच टिंब कधी सरळ असतं, कधी वळणदार, कोणत्या कॉम्प्युटरवर टाइप केलं त्यावर ते ठरतं. साधा उपाय असा, की `a` ते `z` सोडून जे काही असेल ते गाळून टाकायचं. टिंब, स्पेस, हायफन सगळं जातं आणि सॅव्हियो डिसोझा `sdsouza` होतो.

शीट देवनागरीत आली असेल तर हा उपाय चालत नाही, कारण गाळल्यावर काहीच उरत नाही. अशा वेळी प्रोग्रामकडून लिप्यंतर करून घ्यायचा मोह आवरलेला बरा. दीपकचं मार्कशीटवरचं स्पेलिंग Deepak आहे की Dipak, हे दीपकलाच माहीत. शिवाय देवनागरीतही फसगत आहेच. ‘कऱ्हाडे’ या आडनावातला तो अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डांवरून वेगवेगळ्या संकेतांनी उमटतो. पडद्यावर दोन्ही कऱ्हाडे हुबेहूब दिसतात, पण तुलना करायला सांगितलं की यंत्र ‘वेगळे’ म्हणतं. मार्कशीटवरचं इंग्रजी स्पेलिंग मागवून घेणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग.

आणि ज्यांना आडनावच नाही त्यांचं काय? काही जण ते लावत नाहीत, काही घरांत ती पद्धतच नसते. त्या ओळीत आडनावाचा किंवा नावाचा रकाना कोरा येतो. ‘पहिलं अक्षर घे’ असं सांगितलेला प्रोग्राम कोऱ्या रकान्यातलं पहिलं अक्षर घ्यायला जातो आणि तिथेच थांबतो. कधीकधी सातशेव्या ओळीवर, म्हणजे आधीच्या सहाशे नव्व्याण्णवांचे लॉगिन तयार झाल्यावर. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

आता टकरी किती होतात ते पाहू. समजा, हजारांच्या यादीत साठ पाटील आहेत. नियम ‘पहिलं अक्षर आणि आडनाव’ असा असेल तर इंग्रजी अक्षरं सव्वीस, म्हणजे बिननंबरी पाटील जास्तीत जास्त सव्वीस. उरलेल्या निदान चौतीस जणांना नंबर लागणारच, त्यातून सुटका नाही. प्रत्यक्षात आकडा याहून मोठा होतो, कारण Q आणि X यांच्या वाट्याला कोणी येत नाही, आणि मराठीतली वेगवेगळी अक्षरं इंग्रजीत एकाच दारातून आत शिरतात. स आणि श दोन्ही S मध्ये जातात. स्नेहा, संकेत, साक्षी, शुभम, श्रुती, शर्वरी सगळे एका रांगेत. द, ध, ड, ढ यांचं मिळून एक D. त्यामुळे `spatil` ची रांग लांबत जाते आणि `zpatil` ची जागा मोकळी राहते.

वडिलांच्या नावाचं अक्षर मध्ये घातलं की गर्दी बरीच पांगते. स्नेहा रमेश पाटील `srpatil`, संकेत विजय पाटील `svpatil`, नंबराची गरजच नाही. मला स्वतःला हाच नियम आवडतो, कारण तो आपल्या नावाच्या घडणीला धरून आहे. त्याच्या गमतीही होतात. उदय प्रकाश दाते आपलं आडनाव Date असं लिहीत असतील तर त्यांचं युजरनेम `update` होतं. सुनील अनंत लाड `salad` होतात. इंदिरा नारायण साने यांना काय मिळतं ते वाचकांनीच जुळवून पाहावं. म्हणून तयार यादीवरून माणसाची एक नजर फिरायला हवी. हे काम प्रोग्रामला जमत नाही. या नियमानेही टकरी संपत नाहीत, फक्त कमी होतात. शेवटी नंबर लावायची वेळ येतेच. खाली उदाहरणं सोपी राहावीत म्हणून आपण पहिल्या अक्षराचाच नियम धरू.

नंबर ठरवायची पहिली कल्पना जवळजवळ सगळ्यांना सुचते ती मोजण्याची. या नावाचे आत्तापर्यंत किती झाले ते मोजा, त्यात एक मिळवा. डेटाबेसला ‘`snaik` ने सुरू होणारी नावं किती?’ असं विचारायचं आणि आलेल्या आकड्यात एक मिळवून तो नव्या नाईकांना द्यायचा. हे चालतं, दिसायला सुबक दिसतं, आणि पहिल्या वर्षी बहुधा काही बिघडतही नाही.

एक वर्ग घेऊन पाहू. पहिला आला सचिन नाईक, त्याला मिळालं `snaik`. मग आली श्रुती नाईकनवरे, तिला `snaiknavare`. तिच्यासारखं दुसरं कोणी नाही, म्हणून नंबर नाही. मग सागर नाईक आला. प्रोग्रामने `snaik` ने सुरू होणारी नावं मोजली, ती दोन निघाली, कारण श्रुतीचं नावही त्याच अक्षरांनी सुरू होतं. सागरला मिळालं `snaik3`. `snaik2` कोणाचंच नाही. असो, एक नंबर वाया गेला, कोणाचं काही अडलं नाही. चौथी आली सायली नाईक. मोजणी तीन, तिला `snaik4`.

दिवाळीनंतर श्रुतीने दाखला काढून दुसरीकडे प्रवेश घेतला आणि ऑफिसच्या सांगण्यावरून तिचं लॉगिन काढून टाकलं गेलं. जानेवारीत समीर नाईक आला. आता `snaik` ने सुरू होणारी नावं उरली तीन: `snaik`, `snaik3`, `snaik4`. तीनात एक मिळवून चार. समीरला मिळालं `snaik4`, जे सायलीचं आहे.

पुढे काय होतं ते प्रोग्राम कसा लिहिलाय यावर ठरतं. नशीब बरं असेल तर डेटाबेस ‘हे नाव आधीच आहे’ म्हणून नकार देतो आणि काम थांबतं. नशीब खोटं असेल तर प्रोग्राममध्ये ‘नाव असेल तर माहिती बदल, नसेल तर नवीन घाल’ अशी सोय केलेली असते. मग सायलीच्या खात्यावर समीरचं नाव आणि समीरचा पासवर्ड चढतो. दुसऱ्या दिवशी सायली येऊन सांगते, ‘सर, माझा पासवर्ड चालत नाहीये.’ सर पासवर्ड बदलून देतात. परवा समीर तेच सांगत येतो. दोघांच्या तक्रारी आलटून पालटून येत राहिल्या, की ओळखावं: एका खात्याला दोन मालक झालेत. याचं मूळ श्रुती नाईकनवरेच्या दाखल्यात आहे हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. तिचं आडनावसुद्धा नाईक नव्हतं.

दुसरी कल्पना जरा हुशारीची वाटते: मोजायचं नाही, शेवटचा नंबर कोणता तो शोधायचा आणि पुढचा द्यायचा. नावं क्रमाने लावा, सगळ्यात खालचं घ्या. यातला खड्डा दहाव्या पाटलापर्यंत दिसत नाही. `spatil`, `spatil2` असं करत `spatil9` आणि मग `spatil10` नीट दिलं जातं. अकरावा आला की प्रोग्राम नावं क्रमाने लावतो, पण ती अक्षरं म्हणून लावतो, आकडे म्हणून नव्हे. कोशात शब्द लावावेत तसं तो डावीकडून एकेक चिन्ह पाहतो, आणि 1 हे 2 च्या आधी येत असल्यामुळे `spatil10` हे `spatil2` च्या वर जाऊन बसतं. सगळ्यात खाली राहतं `spatil9`. त्याच्या पुढचा नंबर दहा. म्हणजे अकराव्यालाही `spatil10`, बाराव्यालाही तेच. प्रोग्राम लिहिणाऱ्याने चार-पाच खोटी नावं घालून तो तपासलेला असतो आणि तेव्हा तो बरोबरच चाललेला असतो. अशा प्रोग्रामची चाचणी निदान एक डझन सारखी नावं घालून करावी, हे अनुभवी माणसं सांगतात ते याचसाठी.

बरोबर रीत या दोन्हींपेक्षा साधी आहे आणि थोडी मठ्ठ वाटते. मोजू नका, शेवटचं शोधू नका, सरळ एकेक नाव विचारत जा. `spatil` मोकळं आहे का? नाही. `spatil2`? नाही. `spatil3`? आहे, घ्या. साठ पाटलांसाठी साठ वेळा विचारावं लागलं तरी कॉम्प्युटरला त्याचं काही वाटत नाही. पायथॉनमध्ये ते असं लिहिता येतं:

```python
def username(mool, ghetleli, maryada=20):
    naav = mool[:maryada]
    n = 2
    while naav in ghetleli:
        shepti = str(n)
        naav = mool[:maryada - len(shepti)] + shepti
        n += 1
    ghetleli.add(naav)
    return naav
```

`mool` म्हणजे साफ करून घेतलेलं मूळ नाव आणि `ghetleli` म्हणजे आधीच दिलेल्या नावांचा संच. `root`, `admin` ही मंडळीही त्यातच. नाव त्या संचात सापडतंय तोवर शेपटीचा आकडा एकेक वाढवत जायचं, मोकळं सापडलं की ते संचात टाकायचं आणि परत द्यायचं. नाईकनवरेंचा इथे प्रश्नच येत नाही, कारण पूर्ण नावाची पूर्ण नावाशीच तुलना होते.

त्या `maryada` बद्दल थोडं सांगायला हवं. युजरनेम किती लांब असावं याला बंधन असतं. जुन्या युनिक्सवर आठ अक्षरांत भागवावं लागे, आजच्या लिनक्सवर बत्तीस चालतात, आणि विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत लॉगिनचं जे पारंपरिक नाव असतं त्याला वीस. वीस पुष्कळ वाटतात, पण नियम ‘पूर्ण नाव, टिंब, आडनाव’ असा असेल तर ज्ञानेश्वर देशपांडे एकवीस भरतात. त्यांचं `dnyaneshwar.deshpand` होतं, शेवटचा e गळतो. आता दुसरे ज्ञानेश्वर देशपांडे आले. प्रोग्रामने आधी नावाला 2 जोडला आणि मग वीसवर कात्री चालवली, तर कात्रीत तो 2 सुद्धा जातो आणि परत तेच नाव हाती येतं. मग 3 जोडून पाहतो, तोही कापला जातो. हे कधीच संपत नाही. पडदा नुसता थांबून राहतो, चूक म्हणून काही दाखवत नाही, आणि माणसाला वाटतं मशीन हँग झालं. म्हणून शेपटीला किती जागा लागेल ती आधी बाजूला ठेवायची आणि उरलेल्या जागेत नाव कापायचं. मग दुसऱ्यांचं होतं `dnyaneshwar.deshpan2`, बरोबर वीस. दिसायला ओबडधोबड आहे, पण ते त्यांचं एकट्याचं आहे.

एवढं सगळं नीट केलं तरी `ghetleli` या संचात कोणती नावं असावीत, हा प्रश्न उरतो. आज चालू असलेली, की आजवर दिलेली सगळी? श्रुती गेली, तिचं `snaiknavare` मोकळं झालं, ते पुढच्या वर्षीच्या शंतनू नाईकनवरेला द्यायला काय हरकत आहे? हरकत आहे. श्रुतीने त्या पत्त्यावर बँकेचं, शिष्यवृत्तीचं, कुठल्या दुकानाचं खातं जोडलेलं असेल, तर तिचे निरोप आणि पासवर्ड बदलायचे दुवे शंतनूच्या पेटीत पडतील. २०१३ साली याहूने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. वर्षभर कोणी न वापरलेले आयडी मोकळे करून मागेल त्याला दिले. नव्या मालकांपैकी काहींना जुन्या मालकांची खासगी पत्रं, खात्यांची माहिती येऊ लागली आणि याहूला त्यावर उपाय करत बसावं लागलं. गूगल मात्र जीमेलचं खातं पुसलं गेलं तरी तो पत्ता दुसऱ्याला देत नाही.

आपल्या शाळांतल्या जनरल रजिस्टरची रीत इथे तंतोतंत लागू पडते. मुलगा दाखला घेऊन गेला तरी त्याची नोंद खोडत नाहीत, गेल्याची तारीख लिहितात, आणि त्याचा नंबर दुसऱ्या मुलाला कधीच देत नाहीत. युजरनेमचीही अशी एक वही हवी: दिलेलं नाव, कोणाला दिलं, कधी दिलं, कधी बंद केलं. खातं पुसलं तरी वहीतली ओळ राहते, आणि `ghetleli` हा संच त्या पूर्ण वहीतून भरायचा. नंबरांमध्ये मोकळ्या जागा दिसतील, `spatil4` नंतर एकदम `spatil7` चालू दिसेल. दिसू द्या. नंबर सलग असावेत अशी कोणाचीही मागणी नसते, ती आपलीच टापटिपीची हौस असते.

या वहीत आणखी एक रकाना महत्त्वाचा आहे, तो विद्यार्थ्याच्या पीआरएनचा, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाचा. मघाशी प्रोग्राम सातशेव्या ओळीवर अडला होता, तो आठवा. रकाना दुरुस्त करून तो पुन्हा पहिल्या ओळीपासून चालवला की काय होईल? पहिल्याच ओळीत स्नेहा पाटील येते, तिचं `spatil` वहीत आहे, म्हणजे ‘घेतलेलं’. प्रोग्राम तिला पुढचा नंबर देऊन टाकतो. सहाशे नव्व्याण्णव जणांची दोन-दोन खाती होतात. वही कोरी करून पुन्हा चालवलं तर याहून वाईट, कारण मधल्या काळात ऑफिसने यादीत उशिरा आलेल्या प्रवेशाच्या दोन ओळी घालून ती आडनावांप्रमाणे लावलेली असते. सानिका पाटील संकेतच्या वर आली, की संकेतचं `spatil2` तिला जातं, संकेत `spatil3` होतो, आणि खालची सगळी रांग एकेक घर सरकते. कालपर्यंत वाटलेल्या चिठ्ठ्या आज खोट्या ठरतात. म्हणून नाव बनवण्याआधी प्रोग्रामने पीआरएन पाहून विचारायचं: या विद्यार्थ्याला आधी काही दिलंय का? दिलं असेल तर तेच परत द्यायचं, नवीन बनवायचंच नाही. मग यादी कोणत्याही क्रमाने, कितीही वेळा चालवली तरी कोणाचं काही हलत नाही.

दोन खिडक्यांवर दोन क्लार्क एकाच वेळी नोंदी करत असतील तर एक बारीक फट उरते. दोघांच्याही प्रोग्रामने त्याच क्षणी `spatil8` मोकळं आहे का विचारलं, दोघांनाही ‘आहे’ असं उत्तर आलं, दोघांनीही ते दिलं. विचारणं आणि घेणं यांच्या मध्ये थोडा वेळ जातो, म्हणून हे होतं. डेटाबेसच्या त्या रकान्याला ‘एक नाव एकदाच’ अशी अट घालून ठेवली की दुसऱ्याची नोंद तिथेच नाकारली जाते आणि त्याचा प्रोग्राम पुढचा नंबर घेऊन पुन्हा प्रयत्न करतो. ती अट प्रोग्राममध्ये असून पुरत नाही, डेटाबेसमध्येच हवी. सायली आणि समीरचा घोळही अशा अटीने पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. मात्र ‘असेल तर बदल’ ही सोय काढून टाकलेली हवी.

इतक्या नावांना नंबर लावण्यापेक्षा पीआरएनच लॉगिन म्हणून का देऊ नये, असं कोणी विचारलं तर विद्यार्थ्यांपुरतं मी त्याला हो म्हणेन. पुष्कळ ठिकाणी तसं करतातही. परीक्षेचा अर्ज भरता भरता मुलांना तो आकडा पाठ झालेला असतो. अध्यापक आणि ऑफिसातल्या लोकांचं तसं नाही. त्यांचं युजरनेम मेलच्या पत्त्यात बाहेरच्यांना दिसतं, तिथे नावच हवं.

नाव म्हटलं की ते बदलण्याचा प्रश्न येतो. लग्नानंतर एखादी प्राध्यापिका आडनाव बदलते, आणि आमच्या त्या तीन नावांच्या नियमात तर मधलं अक्षरही बदलतं. `srpatil` ची `sajoshi` करायची का? तिने मागितलं तर पत्त्याला नवीन नाव जोडून द्यावं, जुन्या पत्त्यावरची पत्रं तिलाच येत राहतील अशी सोय ठेवावी, आणि वहीत दोन्ही नावं तिच्याच ओळीत लिहावीत. तिच्या फायली, तिचे अधिकार हे सगळं आतल्या आत एका न बदलणाऱ्या क्रमांकाशी बांधलेलं असलं, तर वरचं नाव बदलून काही तुटत नाही. `srpatil` मात्र त्यानंतर कोणालाच द्यायचं नाही.

आता उरले बिननंबरी पाटील. हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण सगळ्यात जास्त मनस्ताप पहिल्याच्या वाट्याला येतो. संकेतला `spatil2` मिळालंय, पण तो शेवटचा 2 टाइप करायला विसरतो. `spatil` आणि स्वतःचा पासवर्ड टाकतो, चूक दाखवली की पुन्हा टाकतो, आणि समजा पाच चुकांनंतर खातं लॉक करायची अट असेल तर पाचव्या वेळी स्नेहाचं खातं लॉक होतं. ती बिचारी घरी असते. तिच्या खात्याच्या नोंदीत चुकलेले प्रयत्न ज्या मशीनवरून आलेले दिसतात, त्या मशीनवर त्या वेळी कोणाचं प्रॅक्टिकल होतं हे पाहिलं की उलगडा होतो. मेलचंही तेच. सगळ्या संकेतांची, साक्षींची आणि शुभमांची पत्रं नंबर गाळून स्नेहाकडे जातात, आणि चुकीच्या माणसाला पोहोचलेलं पत्र परत येत नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याला वाटतं ते पोहोचलं.

यावर काही ठिकाणी अशी रीत ठेवतात, की नंबराशिवायचं नाव कोणालाच द्यायचं नाही. पहिलीच स्नेहा `spatil1` होते, `spatil` हे राखीव नावांत जातं. नंबर विसरलेलं लॉगिन मग कोणाचंच खातं लॉक करत नाही, आणि नंबर गाळून पाठवलेलं पत्र ‘असा पत्ता नाही’ म्हणून पाठवणाऱ्याकडे परत जातं. ही रीत सुरुवातीपासून ठेवावी लागते. ऑगस्टमध्ये दुसरे पाटील आले म्हणून जूनमध्ये दिलेलं नाव पहिल्याकडून काढून घेता येत नाही. त्यामुळे ज्यांच्यासारखं दुसरं कोणीच नाही, त्यांनाही नंबर लागतो. कॉलेजात एकटेच असलेले आपटे सर येऊन विचारतातच, ‘माझ्यापुढे 1 कशाला?’ त्यांना सांगावं लागतं, की दुसरे आपटे अजून यायचे आहेत.